शेवटची स्लाइड: सभागृहातून निघण्यापूर्वी होणारे एक काम

सादरीकरण करायला नव्याने शिकणारी माणसे शेवटची स्लाइड सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी वेळात करतात. गोव्यात तर तिचा साचाच ठरून गेला आहे. मध्यभागी ‘धन्यवाद’ किंवा ‘देव बरें करूं’, खाली जोडलेले हात, कोपऱ्यात गुलाबाचे फूल, आणि फारच उत्साह असेल तर ‘काही प्रश्न?’ अशी एक ओळ. आभार मानू नयेत असे माझे म्हणणे नाही, पण ते तोंडाने मानता येतात आणि तोंडाने मानलेलेच अधिक शोभतात. अडचण वेगळीच आहे. मधल्या स्लाइड पडद्यावर एखाद-दोन मिनिटे राहतात, तर शेवटची स्लाइड प्रश्नोत्तरे, सरपंचांचे दोन शब्द, आभारप्रदर्शन आणि चहा येईपर्यंतचा सगळा वेळ, म्हणजे सहज पंधरा-वीस मिनिटे, लोकांच्या डोळ्यांसमोर असते. इतका वेळ पडद्यावर राहणाऱ्या जागेवर आपण काय लिहायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे, आणि तो मी एकाच उदाहरणावरून सांगणार आहे.

सत्तरी तालुक्यातल्या एका गावात काजूच्या हंगामापूर्वी बागायतदारांची सभा ठरली होती. विषय होता माकडताप. हा आजार १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात प्रथम ओळखला गेला; सत्तरीत त्याचे रुग्ण २०१५ साली आढळले. जंगलातल्या गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो आणि त्याचा जोर साधारणपणे डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतो, म्हणजे नेमका बोंडू गोळा करण्यासाठी माणसे दिवसभर बागायतीत आणि जंगलाच्या कडेला वावरतात तेव्हा. सभेत बोलणार होती एक तरुण आरोग्य कार्यकर्ती. तिने चौदा स्लाइड तयार केल्या होत्या आणि मी पूर्वी शिक्षक असल्यामुळे ‘सर, एकदा बघता का?’ म्हणून माझ्याकडे आणल्या होत्या. तेरा स्लाइड उत्तम होत्या. चौदाव्या स्लाइडवर ‘आपण काय करावे?’ या मथळ्याखाली सात मुद्दे होते: जंगलात जाण्यापूर्वी अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे, अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर गरम पाण्याने व साबणाने आंघोळ करून कपडे धुवावेत, जंगलातला पालापाचोळा घरी वा गोठ्यात आणू नये, मेलेले माकड दिसल्यास हात न लावता कळवावे, ताप आल्यास त्वरित आरोग्य केंद्रात यावे आणि या आजाराविषयी जागरूकता पसरवावी. त्याखाली लाल अक्षरांत ‘धन्यवाद’.

मी तिला विचारले, “बाय, या सातांपैकी आज रात्री घरी पोहोचण्याआधी कोण काय करील?” तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “आज रात्री कोणीच काही करणार नाही, सर. हे सगळे उद्यापासूनचे आहे.” तिच्या या उत्तरापासूनच आमचे काम सुरू झाले.

पहिली पायरी: समोर कोण बसले आहे ते लिहून काढा

शेवटच्या स्लाइडची सुरुवात विषयापासून करायची नसते, श्रोत्यांपासून करायची असते. कागद घ्या आणि सभागृहात प्रत्यक्ष कोण येणार आहे, त्यांच्या अधिकारात काय आहे आणि काय नाही, हे तीन-चार ओळींत लिहा. आमच्या यादीत आले ते असे: सुमारे साठ बागायतदार, त्यांपैकी काही स्वतःच्या जमिनीचे मालक, काहींनी पावणीत, म्हणजे लिलावात, बागायत घेतलेली. बहुतेकांकडे हंगामापुरते तीन-चार मजूर. प्रत्यक्ष बोंडू वेचणारे, पाल्यात हात घालणारे आणि म्हणून गोचिडीच्या तावडीत सर्वांत आधी सापडणारे ते मजूर. आणि ते मजूर सभेला येणार नव्हते.

ही शेवटची ओळ लिहिल्यावर चौदाव्या स्लाइडचा दोष आपोआप दिसला. तिच्यावरचे पाच मुद्दे मजुरांना उद्देशून होते आणि ते ऐकायला समोर मालक बसणार होते. ‘अंगाला तेल लावावे’ हे वाचून मालक मान डोलावतो, कारण ते त्याला पटते. पण ते तेल ज्याच्या अंगाला लागायचे तो माणूस त्या वेळी सभेपासून दूर आपल्या खोपटात असतो. नवख्या माणसांच्या बहुतेक शेवटच्या स्लाइड इथेच फसतात. वाक्य बरोबर असते, पण ते गैरहजर माणसाला उद्देशून असते.

दुसरी पायरी: प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न विचारा

एकच कृती निवडायची म्हटले की माणसे ‘सर्वांत महत्त्वाची कोणती?’ असा प्रश्न घेऊन बसतात आणि अडकतात, कारण त्यांना सगळ्याच महत्त्वाच्या वाटतात आणि बऱ्याचदा त्या असतातही. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत. ही कृती समोर बसलेल्या माणसाच्या हातातली आहे का? तिची सुरुवात तो इथून निघण्यापूर्वी करू शकतो का? आणि ती झाली की नाही हे उद्या सकाळी आपल्याला मोजता येईल का?

‘जागरूकता पसरवावी’ तिन्ही प्रश्नांवर पडले. ते पडणारच होते. जागरूकता कोणी किती पसरवली हे आजवर कोणत्याही वहीत लिहिले गेलेले नाही. कपडे, आंघोळ आणि पालापाचोळा हे मुद्दे पहिल्या प्रश्नावर अर्धवट उत्तीर्ण झाले, पण दुसऱ्यावर नाही. ‘ताप आल्यास केंद्रात यावे’ हा मुद्दा वैद्यकीयदृष्ट्या कदाचित सर्वांत मोलाचा आहे, कारण गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप येतो आणि तोवर माणूस चावा विसरलेला असतो. परंतु तो ‘जर-तर’चा मुद्दा आहे. मेलेल्या माकडाचेही तसेच: माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात, म्हणून ती खबर लवकर मिळणे फार गरजेचे असते, पण माकड अजून मेलेले नाही आणि बागायतदाराला आज करण्यासारखे त्यात काही नाही. ज्या कृतीची वेळ अजून आलेली नाही ती शेवटच्या स्लाइडवर घातली की ती सूचना होते, आणि सूचना लोक वाचतात व सोडून देतात.

उरले तेल. मूळ मुद्दा ‘तेल लावावे’ असा होता. तो मजुरांसाठी होता. पण तेल मजुरापर्यंत पोहोचवणे हे मालकाचे काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला सहज करता येणारे नाही. मग आम्ही विचारले, की तेलाच्या बाटल्या त्याच दिवशी सभागृहातच ठेवल्या तर? मालकाने जाताना आपल्या मजुरांच्या संख्येइतक्या बाटल्या उचलायच्या आणि वहीत नाव, बागायतीचे ठिकाण व मजुरांची संख्या लिहायची. हे त्याच्या हातातले आहे, निघण्यापूर्वी होणारे आहे आणि दुसऱ्या दिवशी वही उघडून मोजता येणारे आहे.

ती मात्र अस्वस्थ होती. “मग बाकीचे सहा मुद्दे सांगायचेच नाहीत?” हा प्रश्न प्रत्येक नवखा माणूस विचारतो आणि तो रास्त आहे, विशेषतः जिथे गोष्ट प्रकृतीशी निगडित असते. नुसते तेल लावले म्हणजे झाले, असे कोणाच्या मनावर ठसणे हे घातकच ठरले असते. पण शेवटच्या स्लाइडवरून मुद्दा काढला म्हणजे तो सादरीकरणातून काढला असे होत नाही. कपडे, आंघोळ आणि पालापाचोळा यांना आधीच्या स्लाइडवर जागा होतीच. तिथे ते सावकाश, चित्रांसह सांगता येत होते. ‘जर-तर’चे जे दोन मुद्दे होते, ताप आणि मेलेले माकड, ते आम्ही केंद्राच्या फोन क्रमांकासह एका चिकटपट्टीवर छापून बाटलीवरच लावायचे ठरवले. माकड मार्चमध्ये दिसेल तेव्हा सभेतली स्लाइड कोणाच्या डोळ्यांसमोर नसेल, पण बाटली खोपटात असेल. प्रत्येक सूचना ती लागेल त्या जागी ठेवली की शेवटच्या स्लाइडवरची गर्दी आपोआप ओसरते.

तिसरी पायरी: मागितलेली गोष्ट खरोखर पुरेल का ते मोजा

ही पायरी सादरीकरणाच्या कोणत्याही वर्गात मी शिकवलेली ऐकली नाही, पण ती वगळली तर पुढचे सगळे वाया जाते. स्लाइडवर ‘बाटल्या घेऊन जा’ असे लिहिले म्हणजे आपण साठ माणसांना शब्द दिला. साठ बागायतदार, प्रत्येकी सरासरी तीन ते चार मजूर, म्हणजे सुमारे दोनशे बाटल्या. केंद्राकडे तेव्हा ऐंशीच होत्या. तशीच सभा झाली असती तर पहिल्या पंचवीस माणसांनी बाटल्या नेल्या असत्या आणि उरलेले पस्तीस रिकाम्या हातांनी, वर थोडे चिडून, घरी गेले असते.

मार्ग दोन होते: साठा वाढेपर्यंत सभा पुढे ढकलायची, किंवा वाक्य बदलायचे. हंगाम तोंडावर असल्यामुळे आम्ही वाक्य बदलले. प्रत्येक बागायतीला एक बाटली आज, आणि वहीत लिहिलेल्या संख्येप्रमाणे उरलेल्या बाटल्या आठवड्याभरात. यामुळे वहीतली नोंद केवळ हजेरी राहिली नाही. पुढचा साठा कोणाला किती द्यायचा याचा हिशेब तीतूनच निघणार होता, म्हणून ती काळजीपूर्वक भरण्याचे कारण बागायतदारालाही मिळाले.

तुमच्या बाबतीत बाटल्यांऐवजी अर्ज असतील, सह्यांचे कागद असतील किंवा मोबाईलवरून भरायचा तक्ता असेल. तरीही हिशेब तसाच करावा. साठ माणसांनी एकदमच सही करायची म्हटली तर पेने किती आहेत? टेबल एकच असेल आणि प्रत्येकाला एक मिनिट लागत असेल, तर शेवटच्या माणसाला तासभर थांबावे लागेल आणि तो थांबणार नाही. आम्ही दोन टेबले आणि दोन वह्या ठेवल्या, आणि नोंदीचे रकाने पाचावरून तीनावर आणले.

चौथी पायरी: वाक्य लिहा, मग मराठीतला सरकारी सूर काढून टाका

आता वाक्य. तिचा पहिला मसुदा असा होता: ‘सर्व बागायतदारांनी आपल्या मजुरांकरिता गोचीड प्रतिबंधक तेलाच्या बाटल्या प्राप्त करून घेण्यात याव्यात व सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’ हे वाक्य आपण सगळे लहानपणापासून नोटीस बोर्डावर वाचत आलो आहोत, म्हणूनच ते कोणी वाचत नाही. शिवाय ‘बागायतदारांनी’ या कर्त्याला ‘घेण्यात याव्यात’ हे क्रियापद जुळतच नाही. घाईत लिहिलेल्या सरकारी मराठीत ही चूक इतकी रुळली आहे की कानाला खटकेनाशी झाली आहे. ‘घेण्यात याव्यात’ म्हटले की घेणारा नाहीसा होतो. ‘सहकार्य करावे’ म्हणजे नेमके काय करावे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दुसरा मसुदा: ‘तेल घ्या, सुरक्षित राहा!’ हा छोटा आहे, पण ही घोषणा झाली. कोणते तेल, कुठून, कोणासाठी, कधी, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नाही. लहान वाक्य आणि स्पष्ट वाक्य यांत फरक आहे आणि नवख्या लेखकाची इथे हमखास गल्लत होते.

तिसऱ्या मसुद्याच्या वेळी मी तिला म्हटले, “दारात उभी राहून तू एखाद्या ओळखीच्या काकांना काय सांगशील, तेच लिही.” तिने लिहिले: ‘जाताना दाराजवळच्या टेबलावरून मजुरांसाठी तेलाची एक बाटली घ्या आणि वहीत मजुरांची संख्या लिहा.’ वाक्य जवळजवळ झाले होते. प्रश्न एवढाच, की यात ‘घ्या’ आणि ‘लिहा’ अशी दोन क्रियापदे आहेत, मग ही एक कृती की दोन? माझी कसोटी अशी आहे: दोन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच थांब्यात, एकापाठोपाठ होत असतील तर ती एक कृती. बाटली टेबलावर आणि नोंद मात्र घरी जाऊन मोबाईलवर, असे असते तर त्या दोन झाल्या असत्या आणि दुसरी बहुतेकांच्या हातून राहिली असती. तरीही क्रम आम्ही उलटा केला. बाटली हातात आली की माणूस दाराकडे वळतो. म्हणून आधी नोंद, मग बाटली. अंतिम मजकूर असा झाला:

*जाताना दाराजवळच्या टेबलाशी थांबा.*
*वहीत मजुरांची संख्या लिहा आणि तेलाची बाटली घेऊन जा.*

खाली लहान अक्षरांत एकच ओळ: ‘आज प्रत्येक बागायतीला एक, उरलेल्या बाटल्या वहीतल्या संख्येप्रमाणे आठवड्याभरात.’

आदराविषयी एक शंका तिच्या मनात होती. ज्येष्ठ माणसांना ‘थांबा’, ‘लिहा’ असे लिहिणे उद्धटपणाचे वाटेल का? मला तसे वाटत नाही. ‘लिहा’ हे आदरार्थीच रूप आहे. ‘लिही’ लिहिले असते तर गोष्ट वेगळी. ‘कृपया’ हवे असेल तर ते बोलताना म्हणावे. आणि सभेत बोलणे कोकणीतच होणार असल्यामुळे तीच विनंती तिच्या तोंडून घरच्या भाषेत गेली. पडद्यावर मराठी आणि तोंडी कोकणी ही जोडी गोव्यात कोणालाच नवी नाही. फक्त दोन्हींकडे वस्तूचे नाव एकच असावे, हे पाहिले पाहिजे. पडद्यावर ‘प्रतिबंधक द्रव’ आणि बोलण्यात ‘तेल’ असे झाले, तर ऐकणाऱ्याला ती दोन निरनिराळी औषधे वाटतात.

पाचवी पायरी: पडद्यावर मांडा आणि खोलीतच तपासा

मांडणीत नवखी माणसे फार वेळ घालवतात. इथे खरे तर करायचे थोडेच असते. पार्श्वभूमी पांढरी, अक्षर काळे किंवा गडद निळे. पंचायतीच्या सभागृहाच्या खिडक्यांना बहुधा पडदे नसतात आणि दुपारच्या उजेडात गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरे धुऊन निघाल्यासारखी दिसतात. चित्र एकच घ्यावे आणि तेही त्या कृतीत उपयोगी पडणारे. तिच्या स्लाइडवर गोचिडीचे मोठे केलेले छायाचित्र होते. ते पाहून अंगावर काटा येतो, पण त्या काट्याचा टेबलाकडे जाण्याशी काही संबंध नाही. आम्ही तिथे त्या बाटलीचेच छायाचित्र घातले, म्हणजे टेबलापाशी गेल्यावर ‘हीच ती’ हे विचारावे लागू नये. केंद्राचे बोधचिन्ह, तारीख, वक्त्याचे नाव हे सगळे पहिल्या स्लाइडवर असल्यामुळे इथून काढले.

अक्षराचा आकार किती ठेवायचा याला एक घरगुती कसोटी आहे. पडद्याची रुंदी आणि पडद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंतचे अंतर विचारून घ्या. आमच्या सभागृहात पडदा १.८ मीटर रुंद होता आणि शेवटची रांग सुमारे ९ मीटरवर, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या पाचपट अंतरावर. आता लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर उघडा, त्याच्या पडद्याची रुंदी मोजा आणि तितक्याच पटीने मागे सरका. तिच्या लॅपटॉपचा पडदा ३४ सेंटिमीटर रुंद होता, तेव्हा १७० सेंटिमीटरवर उभे राहायचे. तिथून जे तुम्हाला वाचता येत नाही ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाचता येणार नाही, आणि त्याचा चष्मा तुमच्यापेक्षा जुना असण्याचा संभव अधिक. खालची लहान ओळ २० पॉइंटची होती. ती तिथून दिसेना, म्हणून २८ केली. मुख्य ओळी ४४ वर ठेवल्या. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांना जागा लागते, त्यामुळे ओळींतले अंतर एकपटीऐवजी सुमारे १.२ ठेवावे, नाही तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. आणि ओळ कुठे तुटावी हे संगणकावर सोपवू नये. Shift आणि Enter एकत्र दाबून अर्थाच्या जागी स्वतः तोडावी. ‘तेलाची’ एका ओळीत आणि ‘बाटली’ दुसऱ्या ओळीत गेली, तर वाचणारा मध्येच अडखळतो.

फाँटबद्दल मात्र सावध राहावे, कारण मराठीत सादरीकरण करणाऱ्यांची सर्वाधिक फजिती इथे होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होते. माझ्या बाबतीत एकदा एका कार्यालयातल्या सभेत हेच घडले आणि शेवटच्या स्लाइडवरची विनंती मला फळ्यावर खडूने लिहावी लागली. युनिकोड फाँट वापरा. विंडोजवर निर्मला किंवा मंगल असतोच. पॉवरपॉइंटच्या विंडोज आवृत्तीत `File > Options > Save` इथे `Embed fonts in the file` हा पर्याय निवडावा, आणि त्याशिवाय एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर असू द्यावी.

सहावी पायरी: स्लाइड पडद्यावर टिकवून ठेवा

इतके करूनही शेवटी एक घोटाळा होतो. शेवटच्या स्लाइडवर चुकून एकदा जास्त कळ दाबली गेली की पॉवरपॉइंट काळा पडदा दाखवते आणि आणखी एकदा दाबली की सादरीकरण बंद होऊन सगळ्या स्लाइड छोट्या चौकटींत दिसू लागतात. प्रश्नोत्तरांची वीस मिनिटे मग लोक तोच पसारा पाहत बसतात. उपाय दोन आहेत. `File > Options > Advanced` मध्ये खाली `Slide Show` या भागात `End with black slide` असा पर्याय आहे. पण त्याची खूण काढल्याने काळा पडदा जातो एवढेच, सादरीकरण तरीही संपतेच. म्हणून माझा उपाय साधा आहे: शेवटच्या स्लाइडच्या आणखी तीन प्रती तिच्या मागे लावून ठेवायच्या. कळ चुकून दाबली गेली तरी पडद्यावर काहीच बदललेले दिसत नाही.

प्रश्न विचारला गेला आणि उत्तरासाठी सहावी स्लाइड दाखवायची असेल तर सादरीकरण चालू असतानाच 6 दाबून Enter दाबावे. ती स्लाइड येते. उत्तर झाल्यावर 14 आणि Enter दाबून परत शेवटच्या स्लाइडवर यावे. हा परतीचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवून ठेवा, कारण सहाव्या स्लाइडवर गेलेली माणसे परत येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

सातवी पायरी: बोलणे

शेवटच्या स्लाइडवर आल्यावर ती वाचून दाखवायची आणि थांबायचे. वाक्य पडद्यावर आहे तसेच, एकदाच. त्यानंतर तीन-चार सेकंद काही बोलू नये; लोकांना ते वाचून टेबल कुठे आहे हे मान वळवून पाहायला तेवढा वेळ लागतो. मान वळल्या की समजावे की वाक्य पोहोचले. त्या शांततेला घाबरून नवखा वक्ता ‘आणि आणखी एक गोष्ट म्हणजे…’ असे सुरू करतो, आणि त्या आणखी एका गोष्टीने पहिली पुसली जाते.

प्रश्न त्यानंतर घ्यावेत आणि प्रश्न संपल्यावर, आभार मानण्यापूर्वी, तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणावे. आमच्या सभेत मध्येच एक गृहस्थ रस्त्याच्या डांबरीकरणाविषयी बोलू लागले, कारण सरपंच समोर होते. गावच्या सभेत हे चालायचेच. मागे पडद्यावर बाटली आणि दोन ओळी मात्र तशाच होत्या, आणि ते गृहस्थही बोलून झाल्यावर टेबलाकडे गेले.

ही पद्धत कुठे जशीच्या तशी चालत नाही तेही सांगितले पाहिजे. श्रोत्यांना तिथल्या तिथे निर्णय घेण्याचा अधिकारच नसतो अशा बैठका असतात. उदाहरणार्थ, एखाद्या संस्थेची उपसमिती, जी फक्त शिफारस करू शकते. तिथे ‘योजना मंजूर करा’ असे लिहिणे म्हणजे त्यांच्याकडे नसलेली गोष्ट मागणे. त्यांच्या हातात असेल ते मागावे: ‘हा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या, टिपणाची प्रत तुमच्यासमोर आहे.’ आणि ज्या सादरीकरणातून केवळ माहिती द्यायची असते, कोणतीही कृती अपेक्षित नसते, तिथे ओढूनताणून कृती घालू नये. तिथे शेवटच्या स्लाइडवर विषयाचा एकच मुख्य निष्कर्ष ठेवावा.

सभेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वही उघडली. आलेल्या चोपन्न जणांपैकी सत्तेचाळीस जणांची नोंद होती. उरलेल्या सात जणांपैकी चौघे सभा संपण्यापूर्वीच मागच्या दाराने गेले होते, आणि मागच्या दाराजवळ टेबल नव्हते. पुढच्या आठवड्यात तीच स्लाइड शेजारच्या गावात वापरायची होती. तिथल्या सभागृहालाही दोन दारे होती, म्हणून एक टेबल मागे गेले आणि स्लाइडवर ‘दाराजवळच्या टेबलाशी’ ऐवजी ‘दोन्ही दारांजवळ टेबले आहेत, जाताना थांबा’ असा बदल झाला. तोवर साठाही आला होता, म्हणून खालची लहान ओळ पूर्ण काढून टाकली आणि मुख्य वाक्यात ‘तेलाची बाटली’च्या जागी ‘तितक्या तेलाच्या बाटल्या’ असे केले.